रुजू व्हायच्या रात्री स्वतःलाच येणारं पत्र: कधी लिहायचं, काय लिहायचं, कसं पाठवायचं

नवी नोकरी स्वीकारल्यावर स्वतःला एक पत्र लिहून ठेवायचं आणि ते रुजू होण्याच्या दिवशीच हातात पडेल अशी सोय करायची, एवढीच ही गोष्ट आहे. पत्रात लिहायचं ते एकच: या नोकरीकडून मला नक्की काय हवं होतं. पहिलीच नोकरी असो किंवा पहिल्यांदाच नोकरी बदलत असाल, हे कसं करायचं ते मी माझ्याच उदाहरणावरून सांगते. कोल्हापुरात एका फाउंड्रीत मी पाच वर्षं अकाउंट्सला होते. २०२४ मध्ये चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. त्या वेळचं पत्र अजून माझ्याकडे आहे.

कधी लिहायचं

ऑफर स्वीकारल्यावर दोन-तीन दिवसांत. नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात नाही, आणि रुजू होण्याच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

कारण साधं आहे. पुढच्या दोन महिन्यांत आपल्या अपेक्षा आपल्या नकळत बदलत जातात. नव्या कंपनीत काम करणारा कुणीतरी ओळखीचा निघतो, तो काहीतरी सांगतो. जुन्या ऑफिसात निरोपाचा चहा-समोसा होतो आणि तिथलं सगळं एकदम चांगलं वाटायला लागतं. मग रुजू झाल्यावर जे समोर येतं त्याबद्दल आपण बेधडक म्हणतो, "मला वाटलंच होतं." खरं तर वाटलेलं नसतं.

बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी हे नेमकं तपासलं होतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. दौऱ्याआधी या संशोधकांनी लोकांना विचारलं, अमुक घडण्याची शक्यता तुम्हाला किती वाटते? दौरा संपल्यावर त्याच लोकांना विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं ते आठवून सांगा. जे प्रत्यक्षात घडलं होतं त्याची शक्यता आपण आधीच जास्त सांगितली होती, असं लोकांना आठवत होतं. त्यांचा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरीच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच, की पहिल्या दिवसानंतर आठवून काढलेल्या अपेक्षा कामाच्या नसतात. आधी लिहिलेल्याच धरायच्या.

मी २६ एप्रिलला, शुक्रवारी ऑफर स्वीकारली आणि रविवारी दुपारी पत्र लिहायला बसले. सोमवारी राजीनामा द्यायचा होता. आता मागे वळून पाहताना वाटतं, राजीनाम्याच्या आधी लिहिलं हे फार बरं झालं. ते का, ते पुढे सांगते.

काय लिहायचं: लेखी, तोंडी, मनातलं

पहिल्या नोकरीच्या वेळीही मी असं काहीतरी डायरीत लिहिलं होतं. "चांगली माणसं भेटावीत, भरपूर शिकायला मिळावं, कष्टांचं चीज व्हावं." पुढे ते वाचून काहीच हाती लागलं नाही, कारण यातली एकही ओळ खरी ठरली की खोटी, हे सांगताच येत नाही. चांगली माणसं म्हणजे कोण? शिकायला म्हणजे काय?

म्हणून या वेळी मी प्रत्येक अपेक्षेपुढे ती आली कुठून ते लिहिलं. ती ऑफर लेटरमध्ये लेखी आहे का? कुणी तोंडी सांगितली का? की कुणी काही न सांगता मीच मनात धरली? बाकी काही जमलं नाही तरी ही विभागणी तेवढी करा. माझं पत्र साधारण असं होतं:

> २८ एप्रिल २०२४, रविवार, कोल्हापूर
>
> लेखी: पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, फायनान्स. ठिकाण चाकण. सहा महिने प्रोबेशन. कंपनीची बस आहे.
>
> तोंडी: मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, "एंट्री करायला आमच्याकडे वेगळी माणसं आहेत, तुम्हाला कॉस्टिंगला घेणार." एचआरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, शनिवार-रविवार सुट्टी असते.
>
> मनातलं: संध्याकाळी सातपर्यंत खोलीवर पोचेन. सॅप शिकवतील. हातात पन्नास हजारांच्या वर पडतील.

लिहून झाल्यावर या तीन गठ्ठ्यांकडे नीट बघा. लेखी आहे त्याची काळजी नको, ते मागता येतं. ज्या दोन गठ्ठ्यांमुळे पहिल्याच आठवड्यात तोंड कडू होतं ते तोंडी आणि मनातले. आणि त्यातलं बरंचसं रुजू होण्याआधीच मिटवता येतं. पत्र लिहिण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच होता, आणि तो पत्र पोचण्याआधीच झाला.

पगाराचंच बघा. माझा सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षभरात माझ्यावर करणार तो एकूण खर्च, ७,२०,००० होता. भागिले बारा केलं की साठ हजार, त्यातून थोडं कापलं जाईल आणि पन्नासच्या वर पडतील, हा माझा हिशोब. अकाउंट्सची बाई असून मी हे नुसतं मनात धरलं होतं! "मनातलं" या शब्दाखाली ते लिहिलं तेव्हा लाज वाटली आणि तिथेच ऑफर लेटरच्या मागची पगाराची फोड काढून बसले. बेसिक महिना २४,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे महिना २,८८०, हा सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, तेही आतच. शिवाय वर्षाचे ७२,००० व्हेरिएबल, जे वर्षअखेरीस कामगिरी बघून मिळणार. हे सगळं वजा केल्यावर महिन्याचे साधारण ४९,९६० उरले. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ २,८८० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला, की हातात ४६,९०० च्या आत-बाहेर. माझ्या उत्पन्नावर तेव्हा नव्या पद्धतीत आयकर लागत नव्हता, म्हणून तो धरला नाही. तुमच्या ऑफर लेटरमध्ये टक्के आणि नावं वेगळी असतील, पण फोड त्यात असतेच. नसेल तर एचआरकडून मागून घ्या. पन्नास आणि सत्तेचाळीस यांत फार फरक नाही असं वाटेल, पण मी पुण्यात खोली पन्नासच्या हिशोबाने बघत होते.

शनिवारचं मी मेल करून विचारलं. मेल छोटाच होता: "नमस्कार मॅडम, फोनवर आपलं सुट्ट्यांबद्दल बोलणं झालं होतं. गावी येण्या-जाण्याचं ठरवायचं आहे, म्हणून सगळे शनिवार सुट्टी असते का, एवढं कृपया कळवाल का?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फक्त दुसरा आणि चौथा शनिवार. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या ऑफिसचा आठवडा पाच दिवसांचा होता, प्लांटचा नव्हता. मला वाईट वाटलं, पण ते मे महिन्यात, घरी बसून. जुलैत एखाद्या शनिवारी सकाळी सहा वाजता बसची वाट बघताना नाही.

कॉस्टिंगचं, म्हणजे वस्तू बनवायला किती खर्च येतो ते काढायच्या कामाचं, मात्र मी विचारलं नाही. आत्ताच काय हट्ट धरल्यासारखं दिसेल, असं वाटलं. तेच पुढे नडलं.

सोडण्याचं कारणही लिहा, पण घटनेसकट

पत्रात आणखी एक छोटा परिच्छेद हवा: जुनी नोकरी मी का सोडते आहे? इथे "वाढ नव्हती" असं लिहू नका. घडलेली एखादी गोष्ट लिहा. मी लिहिलं होतं: "मार्चमध्ये वर्षअखेरच्या कामात सलग अकरा दिवस रात्री नऊनंतर निघाले. कॉस्ट शीट मी बनवली, मीटिंगला दुसरं कुणी गेलं. विचारलं तर उत्तर मिळालं, तुमचं टेबल कोण सांभाळणार?"

राजीनाम्याच्या आधी लिहिणं बरं झालं म्हणाले ते यासाठी. राजीनामा दिल्यावर सगळे गोड बोलू लागतात, कधीकधी पगार वाढवून देऊ म्हणतात, आणि मार्चच्या त्या रात्री पुसट होतात. नव्या ठिकाणी पहिल्या संध्याकाळी कुणीच ओळखीचं नसतं. तेव्हा जुनं टेबल, चहावाले काका, शेजारची मैत्रीण हेच डोळ्यांपुढे येतं. अशा वेळी स्वतःच्या हातचं खरं कारण समोर असलं की मन ठिकाणावर राहतं.

प्रत्येक अपेक्षेला तारीख द्या

पहिल्या दिवशी सगळं तपासता येत नाही, हे पत्र लिहितानाच मान्य करायला हवं. पहिल्या दिवशी एवढंच कळतं: पद तेच आहे ना, बसायची जागा कुठे, कुणाच्या हाताखाली काम करायचं, बस आहे की नाही. पगाराची गोष्ट पहिली पगारस्लिप आल्यावर. घरी किती वाजता पोचते, हे कळायला किमान एक महिनाअखेर जावी लागते, कारण अकाउंट्समध्ये महिन्याच्या मधले दिवस फसवे असतात. काय शिकायला मिळतंय हे तीन महिन्यांपूर्वी कळत नाही.

म्हणून प्रत्येक ओळीशेवटी मी कंसात "पहिला दिवस", "पहिला पगार", "ऑक्टोबर" असं लिहिलं. कॉस्टिंगपुढे लिहिलं होतं: "पहिल्या दिवशी फक्त बघायचं, कुणाच्या हाताखाली आहे. काम कोणतं मिळतंय यावर ऑक्टोबरपर्यंत मत बनवायचं नाही." ही शेवटची ओळ मला किती उपयोगी पडली ते सांगते, पण आधी पाठवण्याचं.

पाठवायचं कसं

ऑफिसच्या मेलवर हे कधीच करू नका. शेवटच्या दिवशी ते खातं बंद होतं आणि आतलं सगळं जातं. त्याआधी एकदा नोकरी बदलायचा विचार चालला होता, तेव्हा मी अशीच टिपणं ऑफिसच्या मेलमध्ये ड्राफ्ट करून ठेवायचे. ती परत दिसली नाहीत.

आपलं स्वतःचं जीमेल वापरा. नवा मेल उघडा, पाठवणारे तुम्हीच आणि घेणारेही तुम्हीच. पत्र लिहून झालं की कॉम्प्युटरवर `Send` च्या शेजारचा बाण दाबा, तिथे `Schedule send` येईल. फोनवर हाच पर्याय वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत असतो. त्यातून `Pick date & time` निवडून तारीख आणि वेळ द्या. मेल `Scheduled` नावाच्या कप्प्यात जाऊन बसतो. फोन किंवा कॉम्प्युटर चालू ठेवायची गरज नसते, वेळ झाली की तो आपोआप निघतो. परदेशात रुजू होणार असाल तर एक लक्षात ठेवा: वेळ लिहिताना तुम्ही ज्या देशाच्या घड्याळावर आहात, तीच धरली जाते. पुण्यात बसून दुबईच्या रात्रीचे साडेआठ हवे असतील तर दहा लिहावे लागतील.

वेळ रात्रीची द्या, सकाळची नको. सकाळी मी गेटवर पास बनवत होते, मग फोटो, बँकेचा तपशील, पीएफचा फॉर्म, सेफ्टीचं ट्रेनिंग. त्या गडबडीत पत्र आलं असतं तर एक नजर टाकून बाजूला गेलं असतं. मी रात्री साडेआठची वेळ दिली होती.

विषयाची ओळ विचार करून लिहा. माझी होती: "आधी आजचं पाच ओळींत लिही, मग हे उघड." पत्र वाचून मग दिवस आठवलात तर पत्रात जे आहे तेवढंच आठवतं. आधी दिवस लिहिला की पत्रात नसलेलं पण महत्त्वाचं असं काहीतरी हमखास निघतं. आणि फोनच्या नोटिफिकेशनमध्ये मजकुराची पहिली ओळही दिसते, म्हणून सुरुवातीला तारीख आणि गावाचं नाव एवढंच ठेवा, पगाराचे आकडे खाली.

पत्र कंपनीच्या लॅपटॉपवर उघडू नका. तो कंपनीचा आहे आणि त्यावर काय उघडलं हे कंपनीला बघता येतं. आपल्या फोनवर, आपल्या खोलीत वाचा.

रुजू होण्याची तारीख पुढे गेली तर

हे फार वेळा होतं. मला १ जुलैला रुजू व्हायचं होतं, पण जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर उशिरा मिळालं आणि तारीख ८ जुलैवर गेली. तारीख बदलल्याच्या गडबडीत पत्राचं विसरायला होतं आणि ते भलत्याच रात्री येऊन पडतं. म्हणून पत्र पाठवल्या पाठवल्या फोनच्या कॅलेंडरवर रुजू होण्याच्या तारखेला एक नोंद टाका: "तारीख हलली तर पत्रही हलव."

हलवायचं असं: `Scheduled` मध्ये जाऊन मेल उघडा, `Cancel send` दाबा. तो परत ड्राफ्ट होतो, मग नवी तारीख द्या. नवी तारीख दिल्याशिवाय तिथून उठू नका, कारण ड्राफ्ट झालेला मेल आपण होऊन कधीच जात नाही. या वेळी पत्र डोळ्यांपुढे येणारच. वाचलंत तरी हरकत नाही, पण जुन्या ओळींत एक शब्दही बदलू नका. मधल्या काळात नवं काही कळलं असेल तर खाली तारीख घालून वेगळं लिहा. माझ्या पत्रात तळाशी होतं: "७ मे. शनिवारचं कळलं, दुसरा आणि चौथाच." वरची मूळ ओळ तशीच ठेवली होती.

त्या रात्री

८ जुलैला साडेसातला मी खोलीवर पोचले. गाद्यासुद्धा अजून उलगडल्या नव्हत्या. भेळ घेऊन आले होते, ती खाता खाता वहीत पाच ओळी लिहिल्या. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कँटीनमध्ये शेजारच्या मुलीने स्वतःहून आपल्या ताटातली चटणी दिली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली आहे. मला व्हेंडर पेमेंटच्या टेबलावर बसवलं आहे. दिवसभर कॉस्टिंगचा शब्दही कुणी काढला नाही.

शेवटची ओळ लिहिताना हात थरथरत होता. ज्या एका गोष्टीसाठी आले, तीच नाही, असं वाटत होतं. आईला फोन लावला असता तर रडले असते. मग साडेआठला पत्र आलं आणि त्यात मीच एप्रिलमध्ये लिहिलेलं होतं, की कॉस्टिंग ही तोंडी सांगितलेली गोष्ट आहे, ती साहेबांच्या शब्दावर आहे, कंपनीच्या नाही. आणि पहिल्या दिवशी फक्त बघायचं आहे की मी कुणाच्या हाताखाली आहे. म्हणजे काय करायचं ते उघड होतं. शब्द देणारा माणूस इथे नाही, तर तो शब्द नव्या साहेबांपर्यंत पोचवायचा.

पण त्याच रात्री नाही. तिथे घाई करू नका. पहिला दिवस तक्रारीचा नसतो, आणि ज्याला आपण अजून नीट ओळखतही नाही त्याला मेलवर असं लिहिलं की ते आरोपासारखं वाचलं जातं. मी गुरुवारी दुपारी नव्या साहेबांकडे पाच मिनिटं मागितली आणि एवढंच म्हणाले, "सर, मुलाखतीत मला कॉस्टिंगला घेणार असं बोलणं झालं होतं. सध्या पेमेंटचं काम आहे ते मी नीट करेन. पुढे कॉस्टिंगकडे कधी वळता येईल, याचा अंदाज मिळाला तर मला बरं पडेल." त्यांना ते ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, आत्ता माणूस कमी आहे, दिवाळीच्या आधी बघू. ऑक्टोबरच्या क्लोजिंगला त्यांनी मला कॉस्ट शीटला बसवलं. पेमेंटचं टेबलही सुटलं नाही, दोन्ही करावं लागलं. घरी सातला पोचण्याची अपेक्षा तिथेच संपली.

पत्र वाचून झालं की त्याच मेलला उत्तर द्या. वर लिहिलेल्या पाच ओळी त्यात उतरवा, आणि पत्रातल्या ज्या ओळींपुढे "पहिला दिवस" लिहिलं आहे तेवढ्यांसमोरच उत्तर लिहा: झालं, नाही, किंवा विचारायचं आहे. बाकीच्यांना हात लावू नका. मग तेच उत्तर `Schedule send` ने पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवसावर टाका, आणि त्यानंतर एकदा प्रोबेशन संपायच्या महिनाभर आधी. शेवटची तारीख तेव्हाची ठेवायची, कारण बऱ्याच कंपन्यांत प्रोबेशनमध्ये नोटीस कमी दिवसांची असते. राहायचं की दुसरीकडे बघायचं हे ठरवायला तो महिना हाताशी हवा. किती दिवसांची ते तुमच्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं, पत्र लिहायच्या दिवशीच तो आकडाही त्यात उतरवून घ्या.